‘राहू दे, मीच उठते’ : पलंगावरून चालणारे घर

प्रश्न : माझ्या पत्नीला सातवा महिना, म्हणजे २७वा आठवडा सुरू आहे. वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली आहे. दहा दिवसांपूर्वी एकदा रक्तस्राव झाला, दोन दिवस दवाखान्यात ठेवले आणि बेड रेस्ट सांगून घरी सोडले. ती नोकरी करते, सध्या रजेवर आहे. आम्ही वारज्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी हिंजवडीला नोकरीला आहे, मोठी मुलगी साडेचार वर्षांची आहे. जमतील तेवढी कामे मी करतो, तिला सगळे हातात देतो, ‘काळजी करू नकोस’ असे रोज सांगतो. तरी ती चिडते, ‘राहू दे, मीच उठते’ म्हणते, रात्री रडते. माझी आई साताऱ्याहून यायला तयार आहे, पण दोघींचे फारसे जमत नाही. मी कुठे कमी पडतो आहे?

उत्तर : कामे वाटून घेण्याआधी तुम्हाला एक गोष्ट नक्की करून घ्यावी लागेल, ती म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या ‘बेड रेस्ट’चा नेमका अर्थ. दवाखान्यातून घरी सोडताना हे दोन शब्द घाईत उच्चारले जातात आणि घरी आल्यावर प्रत्येक जण त्यांचा आपापला अर्थ लावतो. तुमच्या आईंच्या मनात पाय उशीवर घेऊन चोवीस तास पडून राहणे असेल, तुमच्या मनात स्वयंपाक न करणे असेल आणि तुमच्या पत्नीच्या मनात तर दर तासाला वेगळा अर्थ असेल, कारण बाथरूमला जाऊन आल्यावरसुद्धा आपण काही चूक केली का, हा प्रश्न त्यांना एकट्यांनाच पडत असतो. एक मात्र सांगायला हवे. वार खाली असताना पूर्ण वेळ पडून राहिल्याने रक्तस्राव टळतो, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून हल्ली बरेच स्त्रीरोगतज्ज्ञ सरसकट अंथरुणाला खिळून राहायला सांगत नाहीत, दगदग, जड उचलणे आणि शरीरसंबंध टाळायला सांगतात. उलट फार दिवस हालचाल बंद राहिली तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पण तुमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिलेली आहे आणि मी पाहिलेली नाही. त्यामुळे हे वाचून घरच्या घरी विश्रांती कमी करू नका आणि वाढवूही नका. त्यांनाच विचारा, आणि कागदावर लिहून नेऊन विचारा.

काय विचारायचे, तेही सांगते. बाथरूमला चालत जायचे का, आंघोळ स्टुलावर बसून स्वतः करायची का, जेवायला टेबलाशी बसायचे का, दिवसातून किती वेळा घरातल्या घरात चालायचे, जिना फक्त तपासणीपुरता उतरायचा की तोही दर वेळी विचारून, मुलीला कडेवर घ्यायचे का (याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येईल, पण ते डॉक्टरांच्या तोंडून आलेले बरे), पडल्या पडल्या पावले वरखाली आणि गोल फिरवण्याचा व्यायाम किती वेळा करायचा. शरीरसंबंधांचा प्रश्न संकोचाने राहून जातो, तो तुम्ही विचारा, त्यांच्यावर सोपवू नका. तपासणीला सोबत जाता येत नसेल तर फोन स्पीकरवर ठेवून हजर राहा. ही उत्तरे तुमच्या अक्षरात कपाटाच्या दारावर लागली की पहिला फायदा असा होतो की घरात विश्रांतीवरून वाद उरत नाही. ‘एवढ्याने काय होतेय’ म्हणणाऱ्याला आणि ‘अगं हलू नकोस’ म्हणणाऱ्याला, दोघांनाही तोच कागद दाखवता येतो.

आता ‘राहू दे, मीच उठते’ या वाक्याकडे येऊ. तुम्ही काम करत नाही, असा त्याचा अर्थ नाही. तुमच्या घरातली एक सकाळ कशी असेल, याचा मी अंदाज बांधते, चुकला तर सोडून द्या. साडेसातला तुम्ही ओट्याशी उभे आहात आणि आतल्या खोलीत आवाज जातो आहे : पोह्यांना शेंगदाणे कुठल्या डब्यात आहेत? आज डब्यात काय देऊ? मोजे कुठे आहेत? मावशींना आज चादरी धुवायला सांगायच्या का? रिक्षावाल्या काकांचे पैसे दिलेत का? प्रत्येक प्रश्न साधा आहे, आणि तुम्ही तो भल्या मनानेच विचारता. पण पाच प्रश्नांत त्यांचे डोके पुन्हा ओट्याशी जाऊन उभे राहिलेले असते. हात तुमचे चालतात, घर मात्र त्याच चालवतात, आणि तेही पलंगावरून, जिथून शेंगदाण्याचा डबा दिसत नाही. सहाव्या प्रश्नाला ‘मीच उठते’ येते, कारण उठून डबा काढणे हे तो कुठे आहे ते सांगण्यापेक्षा खरोखरच सोपे असते. तुमच्या पत्रात ‘जमतील तेवढी कामे’ असे शब्द आहेत. जमतील तेवढी कामे करणारा माणूस मदतनीस असतो, आणि मदतनिसाला काम सांगावे लागते. तुम्हाला उचलायची आहे ती आठवण ठेवण्याची जबाबदारी.

त्यासाठी येत्या रविवारी एकदाच तासभर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. त्या सांगतील आणि तुम्ही लिहाल : कोणता डाळ-तांदूळ कुठून येतो आणि किती दिवस पुरतो, गॅसचा नंबर कधी लावायचा, सोसायटीचे पाणी किती वाजता येते, धुण्याभांड्याच्या मावशींचा पगार कधी आणि किती, शाळेच्या डब्याचे वार, मुलीला काय खाल्ल्याने खोकला होतो, कोणाला कधी फोन करायचा. डब्यांवर चिठ्ठ्या लावा, हसणाऱ्याला हसू द्या. त्या तासानंतर हे प्रश्न पुन्हा आतल्या खोलीत जाता कामा नयेत. अडलेच तर तुम्ही अंदाजाने ठरवा, चुका, आणि पोहे कोरडे झाले तर कोरडे खा. त्यांनीही या बदल्यात एक पथ्य पाळायचे आहे, ते तुम्ही प्रेमाने सांगा : तुमच्या पद्धतीत दुरुस्ती सुचवायची नाही, निदान बाळ येईपर्यंत.

पुढचा प्रश्न वेळेचा. वारज्याहून हिंजवडीला जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याला दोन वेळचा ताजा स्वयंपाक, मुलगी, धुणेभांडी आणि बाजार हे सगळे एकट्याने पेलणार नाही, आणि पेलण्याचा हट्ट केलात तर पंधरा दिवसांत तुम्हीच चिडखोर व्हाल. म्हणून वहीतल्या प्रत्येक कामापुढे ठरवा की हे मी करणार, हे पैसे देऊन करून घेणार, की हे सध्या होणारच नाही. पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणा किंवा पोळ्यांच्या मावशी लावा, कारण कणकेत जाणारा तुमचा अर्धा तास मुलीच्या आंघोळीला हवा आहे. भाजी-आमटी सकाळी एकदाच करा. रोजची फरशी एक दिवसाआड पुसली तरी चालते, पाहुण्यांचा चहा-फराळ पूर्ण बंद झाला तरी चालते. ही तिसरी यादी, न होणाऱ्या कामांची, दोघांनी मिळून करा. नाही तर पडल्या पडल्या जाळीवरच्या धुळीकडे बघत त्यांचा दिवस जाईल आणि तुम्हाला मात्र ती दिसणारही नाही.

दुपारचा विचार वेगळा करावा लागेल. साडेबाराला शाळेतून येणाऱ्या मुलीला तिसऱ्या मजल्यावर कोण आणते आणि दार कोण उघडते? याचे उत्तर ‘ती हळूच उठते’ असे असेल, तर आधी ती भोके बुजवा. एक किल्ली मावशींकडे आणि एक शेजारी असू द्या. शक्य असेल तर शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंत पगारी बाई ठेवा. हा खर्च जड वाटेल, पण सध्याच्या यादीत मी तो सगळ्यात वर ठेवीन. पलंगाच्या हाताशी एक स्टूल ठेवा आणि त्यावर पाण्याच्या दोन बाटल्या, केळी, राजगिऱ्याचा लाडू, चार्जर आणि गोळ्यांचा डबा. गोळ्यांबाबत एक चूक फार घरांत होते. नवरा मोठ्या काळजीने सकाळी चहाबरोबर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम हातावर ठेवतो. कॅल्शियम आणि चहा, दोन्हींमुळे लोह अंगी लागायला अडथळा येतो. त्यामुळे दोन गोळ्यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवा आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा किंवा दूध देऊ नका. लोहाने आणि पडून राहिल्याने शौचाला कडक होते, आणि कुंथणे तर टाळायचे आहे. म्हणून पाणी, पालेभाजी, ताक आणि भिजवलेले मनुके रोज पोटात जातील असे पाहा. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांकडून औषध घ्या, घरातले चूर्ण देऊ नका.

रक्तस्राव पुन्हा होऊ शकतो, हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे आणि बहुधा दोघेही बोलत नाही. वार खाली असताना होणारा रक्तस्राव बहुतेकदा लालभडक असतो आणि दुखत नाही. ‘पोटात दुखत नाहीये, थोडा वेळ बघू’ ही चाल इथे उपयोगाची नाही, पहिला डाग दिसताच दवाखान्याला फोन करून निघायचे. पोट वारंवार कडक होऊन सैल पडणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा स्पष्ट कमी वाटणे यांनाही हाच नियम. तुम्ही हिंजवडीला असाल तर ‘मी येतो, मग जाऊ’ हे वाक्य उच्चारू नका. संध्याकाळच्या गर्दीत तुम्ही पोहोचेपर्यंत किती वेळ जाईल, हे तुम्ही रोज अनुभवता. गाडी असलेला एक शेजारी आणि घरात असणारी एक शेजारीण आजच बोलून ठेवा, १०८ क्रमांक मावशींनाही सांगून ठेवा, आणि तुम्ही थेट दवाखान्यात पोहोचा. जिन्याचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा : हातांची भक्कम खुर्ची दाराशी, आणि ती धरून उतरवणारे दोन जण कोण, ते नावानिशी ठरलेले. फाइल, रक्तगटाचा कागद, आधारकार्ड, पॅड आणि दोन कपडे एका पिशवीत भरून ठेवा. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘वार खाली आहे’ असे लिहा. अडचणीच्या वेळी दुसऱ्याच दवाखान्यात जावे लागले तर दारातच हे सांगायचे आहे, कारण वार कुठे आहे हे पाहण्याआधी बोट घालून आतून तपासणी केली तर रक्तस्राव वाढू शकतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही तिथेच सांगा. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, किंवा अचानक दम लागला, तर ती गुठळीची शंका समजून त्याच दिवशी दाखवा. पोटरी चोळून देऊ नका.

हे सगळे ठरवताना त्यांनाही सोबत असू द्या. घाबरतील म्हणून त्यांना वगळू नका. भीती त्यांना आहेच, बाथरूममध्ये प्रत्येक वेळी त्या खाली वाकून बघत असणार. तुमच्या ‘काळजी करू नकोस’ने नेमका तोच विषय बंद होतो. त्याऐवजी रात्री मुलगी झोपल्यावर फोन बाहेरच्या खोलीत ठेवून वीस मिनिटे शेजारी बसा आणि सरळ विचारा, ‘आज भीती वाटली का? कधी वाटली?’ मग उत्तर देऊ नका. उपाय शोधून देण्याची तुम्हाला सवय असेल, पण इथे हात हातात घेऊन ऐकत राहणे पुरते. त्या म्हणतील की माझ्यामुळे सगळ्यांचे हाल होताहेत, किंवा त्या दिवशी मी जड बादली उचलली म्हणून हे झाले. यातल्या दुसऱ्या वाक्यावर मात्र स्पष्ट बोला : वार गर्भाशयात खालच्या बाजूला रुजली म्हणून ती खाली आहे, आणि ती कुठे रुजावी हे बादलीवर ठरत नाही. हेच पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडूनही एकदा वदवून घ्या, नवऱ्याच्या सांत्वनापेक्षा त्याचे वजन जास्त पडते.

दिवस मोजण्याची रीतही बदला. ‘अजून तीन महिने’ हा आकडा पलंगावरून फार मोठा दिसतो. गर्भाशय वाढते तशी खाली दिसलेली वार पुष्कळ जणींच्या बाबतीत गर्भाशयाच्या तोंडापासून लांब जाते. म्हणून ३२व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात, आणि वारेची कड तोंडापासून २० मिलिमीटरपेक्षा जवळ आहे का, ते पाहतात. तुमच्यापुढे सध्या आहेत ते हे पाच आठवडे. तिथे चित्र बदलले तर विश्रांतीही बदलेल, नाही बदलले तर साधारण ३६व्या आठवड्यात पुन्हा पाहतील आणि सिझेरियन कधी करायचे ते ठरेल. कॅलेंडरवर त्या सोनोग्राफीची तारीख गोल करा, बाळंतपणाची नको.

त्यांच्या रजेचा हिशेब तुम्ही करून द्या, कारण रजा संपते आहे हा घोर त्यांना नक्की असेल. त्यांना प्रसूती लाभाचा कायदा लागू असेल तर २६ आठवड्यांच्या पगारी प्रसूती रजेतले जास्तीत जास्त आठ आठवडे अपेक्षित तारखेआधी, म्हणजे ३२व्या आठवड्यापासून घेता येतात. शिवाय गरोदरपणामुळे आजार उद्भवल्यास वैद्यकीय दाखल्यावर एक महिन्यापर्यंतची वेगळी पगारी रजा मिळते. आत्ताचा महिना त्या वेगळ्या रजेत बसू शकतो. दाखला मागून घ्या, अर्ज तुम्ही टाइप करा आणि सही त्यांची घ्या. आधी आठ आठवडे वापरले तर बाळंतपणानंतर अठराच उरतात, हेही दोघांनी लक्षात घेऊन ठरवा.

लेकीशी बोलताना एक जपा. ‘बाळामुळे आई उठत नाही’ असे तिला कोणी सांगू देऊ नका. साडेचार वर्षांचे मूल त्या वाक्यावरून बाळाशी वैर धरते, किंवा आईला आपणच धडक मारून आजारी केले असे मनात घेते. ‘डॉक्टरांनी आईला आडवे राहायला सांगितले आहे, म्हणून बाबा उचलतो आणि आई गोष्ट सांगते’ एवढे पुरे. आंघोळ, वेणी, शाळा तुमच्याकडे. गोष्ट, चित्रे आणि दुपारची झोप आईजवळ, तिच्या डाव्या कुशीला भिंतीच्या बाजूने उशी लावून. या वाटणीमुळे तुमच्या पत्नीच्या हातात एक काम उरते, आणि ते कोणी मेहरबानी म्हणून दिलेले नसते.

रडणे रोजचे होऊन दोन आठवड्यांहून लांबले, झोप आणि भूक उडाली, कशातच मन लागेना, किंवा ‘मी नसते तर बरे’ असे काही त्यांच्या तोंडून आले, तर तो चिडका स्वभाव समजून सोडू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्या पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. शेवटच्या प्रकारचे बोलणे असेल तर थांबायचे नाही, त्याच दिवशी. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही बोलता येते आणि तिथे तुम्हीही बोलू शकता.

राहता राहिल्या तुमच्या आई. त्यांना बोलवायचे का, हे पत्नीला विचारून ठरवा, आणि ‘बोलावू का?’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला सुनेला ‘नको’ म्हणणे जड जाते. ‘दुपारसाठी पगारी बाई, तुझी आई की माझी आई, तुला कोण सोयीचे?’ असे विचारा. माहेरी जाण्याचा पर्याय असेल तर प्रवासाला डॉक्टरांची परवानगी घेतल्याशिवाय त्याचा उच्चारही नको. आईच येणार असतील तर त्या येण्याआधी फोनवर तुम्ही बोला, सुनेला बोलायला लावू नका. कपाटावरचा कागद त्यांना वाचून दाखवा, ‘आमच्या वेळी आम्ही शेवटपर्यंत पाणी भरले’ हे त्या म्हणतील ते ऐकून घ्या, आणि सांगा की दुपारी नात आणि स्वयंपाकघर तुझ्याकडे, संध्याकाळी माझ्याकडे, आणि आतल्या खोलीत कोणी केव्हा जायचे ते तिने ठरवायचे. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना दारातून परत पाठवण्याचे अप्रिय काम तुमचे. वाईटपणा मुलाकडे आला तर तो लवकर विसरला जातो, सुनेकडे गेला तर वर्षानुवर्षे पुरतो.

आणि सातवा महिना आहे, तेव्हा डोहाळजेवणाचा विषय आई काढतीलच. पत्नीला हौस असेल आणि डॉक्टरांनी तासभर बसायची मुभा दिली असेल, तर घरातल्या चौघीजणींत, पलंगावरच हिरवी साडी आणि ओटी भरून करता येईल. त्यांना नको असेल तर ‘डॉक्टरांनी नाही म्हटले आहे’ असे आईंना तुम्ही सांगा.